चित्राखालची ओळ कोणासाठीं?

छायाचित्राखालीं एखादी ओळ लिहिण्याचें काम पूर्वीं फार थोड्या लोकांकडे असे. वर्तमानपत्राचा संपादक तें करी, मासिकाचा चालक करी, आणि शाळांच्या वार्षिक अंकांत तें एखाद्या शिक्षकाच्या वांट्याला येई. "बसलेले, डावीकडून" अशी सुरुवात करून ओळीनें नांवें लिहिलीं कीं काम संपलें. आतां तसें राहिलें नाहीं. आठवी-नववीच्या वर्गांतील मुलगाहि आज घरच्या मोबाइलवर छायाचित्र चढवितो आणि त्याखालीं आपली एक ओळ लिहितो. मुलें तिला 'कॅप्शन' म्हणतात. ती बहुधा अर्धी मराठी आणि अर्धी इंग्रजी असते. अशा मिश्रणानें भाषा बिघडते कीं वाढते, हा वाद फार जुना आहे आणि त्यांत आज आम्ही पडत नाहीं. आमचा प्रश्न त्याहून लहान आहे. दोन भाषा एका ओळींत आल्या म्हणजे ती ओळ आपल्याला उद्देशून आहे असें कोणाला वाटतें, आणि ती मनापासून लिहिली आहे असें कोणाला वाटतें, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

हा प्रश्न आमच्यापुढें एका प्रसंगानें आला. जिल्ह्यांतील एका खेड्यांतून रोज बसनें शाळेंत येणाऱ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा वारले. आपल्या वऱ्हाडांत बऱ्याच घरीं आजोबांना 'आबाजी' म्हणतात, तसा तोहि म्हणे. तेराव्याच्या दिवशीं त्यानें आबाजींचें एक छायाचित्र मोबाइलवर लाविलें. आबाजी घरासमोरच्या लिंबाखालीं बाजेवर बसलेले आहेत, असें तें चित्र होतें. खालीं त्यानें लिहिलें : "मिस यू आबाजी. यू विल ऑल्वेज बी माय हीरो. तुमचाच लाडका." पहिलीं दोन वाक्यें रोमन अक्षरांत होतीं आणि शेवटचे दोन शब्द तेवढे देवनागरींत होते.

वर्गमित्रांनीं तें पाहून हात जोडल्याचीं चिन्हें पाठविलीं. संध्याकाळीं चुलत्यानें तोच मोबाइल आजीपुढें धरला. आजी चौथीपर्यंत शिकलेली असून पोथी वाचते. तिनें चित्र बराच वेळ पाहिलें, खालचे दोन मराठी शब्द बोट ठेवून वाचले, आणि विचारलें, "शेवटचं समजलं मले, पण वरचं त्यानं कोणाले सांगतलं?" चुलत्यानें अर्थ सांगितला, आजीनें मान हालविली, आणि गोष्ट तेथेंच संपली. मुलाच्या मनांतून मात्र ती गेली नाहीं. पुढें त्यानें हें सर्व आम्हांस सांगितलें आणि म्हणाला, "लिहितांना मला खरोखर रडूं येत होतें. मग आजीला असें कां वाटावें?"

मुलाचें दुःख खरें होतें ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. आजीचा प्रश्नहि तितकाच खरा होता. लिहिणाऱ्याच्या मनांत काय आहे ही एक गोष्ट, आणि ओळ वाचणाऱ्याच्या कानीं कशी पडते ही दुसरी. ह्या दोहोंमध्यें अंतर कोठें पडलें, तें आतां क्रमानें पाहूं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ओळींत इंग्रजी शब्द आला म्हणजे मिश्रण झालें, असें नव्हे. हीच आजी "बस चुकली", "तिकीट काढलं", "दवाखान्यात डॉक्टर नव्हता", "फोटो भिंतीले लाव" असें दिवसभर बोलते. बस, तिकीट, डॉक्टर, फोटो हे शब्द मूळचे इंग्रजी खरे. परंतु ते आपल्या घरांत इतके रुळले आहेत कीं त्यांना मराठीचे प्रत्यय लागतात आणि मराठीचें लिंगहि मिळालें आहे. आपण 'बसमध्यें', 'तिकिटाचे पैसे', 'डॉक्टरांकडे' असें म्हणतों. 'तिकीट' शब्दाचें तर सामान्यरूपहि मराठी शब्दांप्रमाणेंच होतें. असे शब्द ऐकतांना कोणालाहि आपण एका भाषेंतून दुसरींत गेलों असें वाटत नाहीं. ते आपल्या घरचेच झालेले असतात.

मिश्रणाचा खरा प्रश्न वाक्याच्या सांगाड्यापाशीं उभा राहतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ कॅरल मायर्स-स्कॉटन ह्यांनीं १९९३ सालीं आफ्रिकेंतील द्विभाषिक बोलण्याचा अभ्यास करून असें मांडलें कीं, दोन भाषा मिसळलेल्या वाक्यांत बहुधा एक भाषा यजमान असते आणि दुसरी पाहुणी. यजमान भाषा शब्दांचा क्रम ठरविते, प्रत्यय लाविते, क्रियापद चालविते. पाहुणी भाषा त्या सांगाड्यांत आपले शब्द आणून बसविते. हें लक्षांत ठेवून पुढील दोन ओळी पाहा. "आबाजी, मी तुम्हांला फार मिस करतों" ही पहिली आणि "मिस यू आबाजी" ही दुसरी. दोहोंत इंग्रजी शब्द 'मिस' हाच आहे. परंतु पहिली ओळ मराठी आहे. तिच्यांत 'मिस' हा पाहुणा आहे आणि त्याला 'करणें' ह्या आपल्या क्रियापदानें हात धरून बसविलें आहे. दुसरी ओळ इंग्रजी आहे आणि तिच्यांत 'आबाजी' हा मराठी शब्द पाहुणा झाला आहे. ज्यांच्याविषयीं ओळ लिहिली तेच आबाजी आपल्या नातवाच्या वाक्यांत पाहुणे होऊन बसले, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हा फरक केवळ व्याकरणाचा नाहीं. "मी तुम्हांला मिस करतों" ह्यांत बोलणारा कोण तें दिसतें. मुलगा असेल तर 'करतों' आणि मुलगी असेल तर 'करतें' असें म्हणेल. ज्याच्याशीं बोलावयाचें तोहि दिसतो, कारण 'तुम्हांला' ह्या शब्दांत आदर आहे. आपण आबाजींना 'तुम्ही' म्हणतों, आईला बहुधा 'तूं' म्हणतों, आणि परक्या वडीलधाऱ्या माणसाला प्रसंगीं 'आपण' म्हणतों. ह्या तीन शब्दांपैकीं कोणता वापरला, एवढ्यावरून ऐकणाऱ्याला दोघांचें नातें कळतें. इंग्रजीच्या 'यू' मध्यें हे तीन्ही मिसळून गेले आहेत. 'यू' म्हणजे देवहि होतो, आजोबाहि होतात, आणि वर्गांतला शेजारीहि होतो. 'मिस यू' ह्या दोन शब्दांत तर बोलणाराहि सांगितलेला नाहीं. इंग्रजीत त्यानें बिघडत नाहीं, कारण तेथें आदर दाखविण्याच्या वाटा दुसऱ्या आहेत. परंतु ज्या घरांत 'तुम्ही' म्हटल्यावांचून आबाजींशीं बोलणेंच होत नसे, त्या घरांतील कानाला ह्या ओळींत कोणाशीं तरी बोलल्याची खूण सांपडत नाहीं. 'वरचं कोणाले सांगतलं' असें आजीनें विचारलें, त्याचें एक कारण हें आहे.

दुसरें कारण लिपीचें आहे आणि तें उघड आहे. रोमन अक्षरें म्हणजे आजीच्या दृष्टीनें बंद दार होय. दोन लिपी एका ओळींत आल्या म्हणजे डोळा आपोआप वाचक निवडतो. ज्याला दोन्ही लिपी येतात त्याला सर्व ओळ मिळते. ज्याला एकच येते त्याच्या हातीं तुकडा येतो, आणि उरलेला तुकडा दुसऱ्या कोणासाठीं आहे, हेंहि त्याला त्याच वेळीं कळतें.

आपल्या वृत्तपत्रांच्या इतिहासांत ह्याच्या उलट असें एक उदाहरण आहे. बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस 'दर्पण' पत्र काढलें, तें मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत होतें. एकाच पानावर दोन रकाने असत. एकांत इंग्रजी मजकूर आणि दुसऱ्यांत मराठी. त्या पत्राचेहि वाचक दोन होते. एक इंग्रजी वाचणारा आणि दुसरा मराठी वाचणारा. परंतु प्रत्येकासाठीं रकाना वेगळा असल्यामुळें आपल्याला काय सांगितलें आहे तें प्रत्येकाला पुरतें कळे. आजची कॅप्शन हे दोन रकाने मोडून एकाच ओळींत आणते. त्यामुळें दोन्ही वाचकांचा लाभ होतो असें नाहीं. एक तिसराच वाचक निर्माण होतो, तो म्हणजे दोन्ही भाषांत सारखा वावरणारा. मुलाची ओळ त्या तिसऱ्या वाचकाला, म्हणजे त्याच्या वर्गमित्रांना, नेमकी पोहोंचली.

मुलानें हें जाणूनबुजून केलें असें मात्र समजूं नये. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ ॲलन बेल ह्यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत एक मोठी मौजेची गोष्ट सांगितली आहे. तेथें एकाच इमारतींतून दोन रेडिओ केंद्रांच्या बातम्या वाचल्या जात, आणि कांहीं निवेदक दोन्ही केंद्रांसाठीं वाचीत. खोली तीच, माणूस तोच, बातम्याहि बहुधा त्याच प्रकारच्या. तरीहि निवेदकांचा एका व्यंजनाचा उच्चार केंद्राप्रमाणें बदले. एका केंद्राचा श्रोतृवर्ग वरच्या थरांतला होता, दुसऱ्याचा सर्वसाधारण होता. आणि निवेदकाची जीभ त्या न दिसणाऱ्या श्रोत्याकडे आपोआप वळत असे. बेल ह्यांचें म्हणणें असें कीं, आपली बोलण्याची ढब मुख्यतः ऐकणाऱ्यावर ठरते. मुलानें ओळ आबाजींना उद्देशून लिहिली. परंतु लिहितांना त्याच्या मनासमोर जे वाचणारे होते ते वर्गांतले होते, आणि शब्द त्यांच्याकडे वळले. आबाजींचें नांव घेऊन तो मित्रांशीं बोलत होता. ह्यांत लबाडी नाहीं. दुःखांत मित्र जवळ असावे असें कोणाला वाटत नाहीं? मात्र ओळीचा श्रोता बदलला होता, एवढें खरें.

आतां प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळूं. तींच दोन वाक्यें आजीला अर्थ सांगून समजाविलीं, तरी तिला तीं कोरडीं कां वाटलीं असावीं?

बॉस्टन येथें कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेला एक प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांची मातृभाषा तुर्की होती आणि जे इंग्रजी पुढें मोठेपणीं शिकले, अशा लोकांच्या बोटांना विजेचीं बारीक उपकरणें लाविलीं. मन हाललें कीं हाताला किंचित् घाम येतो, आणि त्वचेंतून वीज अधिक सहज वाहते. तेवढा फरक त्या उपकरणांनीं मोजतां येतो. मग त्या लोकांना दोन्ही भाषांतील निरनिराळे शब्द आणि वाक्यें ऐकविलीं. त्यांत लहानपणीं आईबापांकडून ऐकावीं लागतात तशीं रागावण्याचीं वाक्येंहि होतीं. इंग्रजींतील अर्थ त्यांना पूर्ण कळत होता. तरी तेंच रागावणें तुर्कींत ऐकतांना त्वचेनें दिलेला प्रतिसाद अधिक मोठा होता. आपल्याकडे "लाज नाहीं वाटत?" हे शब्द ऐकतांना जें होतें, तें त्याच अर्थाच्या इंग्रजी वाक्यानें होत नाहीं, हा अनुभव कोणासहि घेतां येईल.

ह्याचें कारण शब्दाच्या अर्थांत नसून शब्द कोठें भेटला ह्यांत आहे. "अरे, जेवलास का?" हें वाक्य आपण कोशांतून शिकलेलों नाहीं. तें चुलीजवळ, आईच्या तोंडून, हजार वेळां ऐकून शिकलों. म्हणून तें उच्चारतांच ती चूल आणि ती आई थोडीशी जागी होतात. स्टेफानो पुंतोनी आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २००९ सालीं जाहिरातींच्या वाक्यांविषयीं हेंच दाखविलें. द्विभाषिक वाचकांना मातृभाषेंतील वाक्यें अधिक भावपूर्ण वाटलीं, आणि त्याचें कारण त्या शब्दांना चिकटलेल्या स्वतःच्या आठवणी हें होतें. मुलाच्या ओळींतील 'माय हीरो' हे शब्द आबाजींच्या सहवासांत कधीं उच्चारले गेले नव्हते. ते त्याला चित्रपटांत आणि इतरांच्या कॅप्शनमध्यें भेटले होते. त्याच्या मित्रांनाहि ते तेथेंच भेटले होते, म्हणून त्यांना ते ओळखीचे वाटले. आजीच्या घरांत मात्र त्या शब्दांना एकहि आठवण चिकटलेली नव्हती.

त्यांतहि मिसळलेल्या भाषेला एक वास लागलेला असतो, तो बाजाराचा. अर्धी आपली आणि अर्धी इंग्रजी अशी ओळ आपण पहिल्यानें बहुधा जाहिरातींच्या फलकावर वाचतों. "चला, सेलिब्रेट करूं या" असें कोणी लिहिलें कीं आतां कांहीं तरी विकावयास निघणार, असें मनांत येऊन जातें. आराधना कृष्णा आणि रोहिणी अहलुवालिया ह्यांनीं २००८ सालीं हिंदी आणि इंग्रजी जाहिरातींविषयीं भारतांतील अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत इंग्रजी ही वाचकांच्या मनांत ऐटीशीं जोडलेली आणि हिंदी जवळिकेशीं जोडलेली आढळली. परदेशी कंपनीनें कोणती भाषा वापरली ह्याकडे लोक विशेष लक्ष देत. देशी कंपनीच्या बाबतींत त्यांना त्याचें तितकें कांहीं वाटत नसे. म्हणजे परक्यानें आपली भाषा वापरली तर तो जवळ येऊं पाहतो आहे असें आपण मानतों. आपल्याच माणसानें ऐटीची भाषा वापरली, तर मात्र तो आपल्यापासून थोडा दूर सरकला अशी शंका येते. कुटुंबांत ही शंका अधिक लागते.

इतकें वाचून कोणी म्हणेल, तर मग मराठींत लिहावें आणि मोकळें व्हावें. परंतु तसेंहि नाहीं. आपल्या गांवोगांवच्या चौकांत दर आठवड्यास नवा फलक लागतो, त्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे शब्द असतात. शुद्ध मराठी, देवनागरी लिपी, एकहि इंग्रजी शब्द नाहीं. तरीहि ते वाचून कोणाच्या डोळ्यांत पाणी आलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. ते छापखान्यांत आधींच तयार असतात; नांव आणि चित्र तेवढें बदलतें. 'मिस यू' काय किंवा 'भावपूर्ण श्रद्धांजली' काय, ज्या शब्दांत माणसाचें नांव बदललें तरी दुसरें कांहींच बदलावें लागत नाहीं, ते शब्द कोरडे वाटतात. हा दोष भाषेचा नसून तयार शब्दांचा आहे. मिश्र ओळींत तो अधिक आढळतो, कारण मिश्र ओळींतला इंग्रजी भाग बहुधा तयारच मिळतो.

शिवाय कांहीं ठिकाणीं इंग्रजी शब्दच अधिक प्रामाणिक असतो. आमच्या विद्यार्थिनींपैकीं एकीनें आईच्या वाढदिवशीं लिहिलें होतें : "आई, लव्ह यू." तिला आम्हीं विचारलें कीं, हें मराठींत कां लिहिलें नाहींस? ती हंसली आणि म्हणाली, "माझें तुझ्यावर प्रेम आहे, असें आईला कसें म्हणावें? नाटकांतल्यासारखें वाटेल." तिचें म्हणणें बरोबर होतें. आपल्या घरांत हें वाक्य कोणी बोलत नाहीं. आपल्याकडे तें प्रेम "जेवलीस का?" ह्या प्रश्नांत किंवा डब्यांत घातलेल्या एका जास्तीच्या पोळींत असतें. ज्या भावनेसाठीं घरांत बोलका शब्दच नाहीं, तिला इंग्रजी शब्द पडद्यासारखा उपयोगी पडतो. लाजरें मूल त्याच्या आडून बोलूं शकतें. 'सॉरी' आणि 'थँक यू' ह्यांचेंहि तसेंच. "मी आपला आभारी आहें" हें सभेंतलें बोलणें झालें. भावाला तें म्हटलें तर तो थट्टा समजेल. तेथें 'थँक यू' हाच हलका आणि खरा शब्द आहे. मोठी चूक घडल्यावर मात्र 'सॉरी आई' पुरत नाहीं, कारण धक्का लागला तरी आपण 'सॉरी' म्हणतों. तेथें "आई, चुकलों मी" हेंच म्हणावें लागतें, आणि तें म्हणतांना जीभ जड होते, ह्यावरूनच ऐकणाऱ्याला त्याचें वजन कळतें.

तसेंच श्रोता खरोखरच वर्गांतला असेल, तर मिश्र ओळ अगदीं योग्य होय. आमचा कबड्डीचा संघ तालुक्यांत पहिला आला, तेव्हां मुलांनीं चित्राखालीं "वुई डिड इट, भावांनो!" असें लिहिलें. तें वाचून संघांतील प्रत्येकाला आपल्यालाच हांक मारल्यासारखें वाटलें. 'भावांनो' म्हणजे कोण, हें त्या सात-आठ जणांना ठाऊक होतें. जॉन गंपर्झ ह्या भाषाशास्त्रज्ञांनीं १९८२ सालच्या आपल्या ग्रंथांत 'आपली भाषा' आणि 'त्यांची भाषा' असा भेद केला आहे. घरची बोली ती आपली आणि बाहेरच्या व्यवहाराची ती त्यांची. आमच्या मुलांत आतां मिश्रण हीच 'आपली भाषा' झाली आहे. मधल्या सुटींत ती बोलली जाते, आणि तिच्या आठवणीहि मधल्या सुटीच्याच असतात. म्हणून खेळाच्या आणि सहलीच्या चित्राखालीं ती खरी वाटते, आणि आबाजींच्या चित्राखालीं ती शाळेंतून आल्यासारखी वाटते.

येथें आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट सांगितली पाहिजे. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्यांत 'घरची भाषा' म्हणजे सर्वांची पुस्तकी मराठी नव्हे. बहुतेकांच्या घरीं वऱ्हाडी बोलतात. मानोरा तालुक्यांत पोहरादेवीच्या परिसरांतील तांड्यांत बंजारा कुटुंबें गोरमाटी बोलतात, आणि तेथील मूल आईला 'याडी' म्हणतें. गांवांतील कांहीं मोहल्ल्यांत उर्दू बोलली जाते. तांड्यांतील मुलानें "आई, तुझी आठवण येते" असें शुद्ध मराठींत लिहिलें, तर त्याच्या याडीला तें कदाचित् शाळेच्या पुस्तकांतलेंच वाटेल. तिच्या दृष्टीनें मराठी हीच थोडी बाहेरची भाषा आहे. म्हणून 'इंग्रजी परकी आणि मराठी आपली' एवढ्या सरळ हिशेबानें हा प्रश्न सुटत नाहीं. ज्याच्याशीं बोलावयाचें त्याच्या चुलीजवळची भाषा कोणती, हें प्रत्येक वेळीं निराळें विचारावें लागतें.

आतां त्या मुलाच्या ओळीकडे परत येऊं. त्याच्या विनंतीवरून आम्हीं त्याच्याबरोबर बसून ती पुन्हां लिहून पाहिली. पहिल्यानें त्यानें सर्व इंग्रजी काढून लिहिलें : "आबाजी, आपल्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन." तें वाचून तो स्वतःच म्हणाला कीं, हें तर फलकावरचें झालें. आबाजींना त्यानें कधीं 'आपण' म्हटलेलें नव्हतें, 'तुम्ही' म्हणे. मग त्यानें लिहिलें : "आबाजी, मी तुम्हांला रोज मिस करतों." हें बरें होतें. आजीला एक शब्द सोडून बाकी सर्व कळलें असतें, आणि ओळ आबाजींशीं बोलते हेंहि कळलें असतें. परंतु हीच ओळ कोणाच्याहि आजोबांखालीं चालली असती. तेव्हां आम्हीं त्याला विचारलें कीं, चित्रांत आबाजी लिंबाखालीं कां बसले आहेत?

तो म्हणाला कीं, सकाळीं ते तेथेंच बसत. वळणावर बसची धूळ दिसली कीं ते घराकडे तोंड करून ओरडत, आणि मग हा दप्तर घेऊन धांवे. आतां धूळ दिसल्याचें कोणी सांगत नाहीं, म्हणून गेल्या पंधरवड्यांत दोनदां बस चुकली. आम्ही म्हणालों, हेंच लिही. त्यानें थोडा वेळ विचार केला आणि आपल्या बोलींत लिहिलें : "आबाजी, बस आली म्हणून आता कोणी सांगत नाही मले."

ह्या ओळींत 'बस' हा शब्द मूळचा इंग्रजी आहे; परंतु तो मिश्रणासारखा कानाला लागत नाहीं. पुण्यास शिकणाऱ्या त्याच्या चुलत बहिणीला ही ओळ कळली, वर्गमित्रांनाहि कळली, कारण त्यांपैकीं निम्मे त्याच बसनें येतात. म्हणजे आजीसाठीं लिहिल्यानें मित्र दूर गेले असें झालें नाहीं. मिश्र ओळींत मात्र एक वाचक मिळवितांना दुसरा सुटत होता.

आमच्या विद्यार्थ्यांना ओळ लिहिण्यापूर्वीं करून पाहतां येतील अशा दोन सोप्या परीक्षा ह्यांतून निघतात. ओळींतील 'यू' काढून त्या जागीं 'तूं', 'तुम्ही' किंवा 'आपण' ह्यांपैकीं एक घालून पाहावें. कोणता शब्द घालावा हें लगेच सुचलें, तर आपण कोणाशीं बोलतों आहों तें आपल्याला ठाऊक आहे. आणि तीनहि शब्द चमत्कारिक वाटले, तर ती ओळ बहुधा त्या माणसासाठीं नसून पाहणाऱ्यांसाठीं आहे. दुसरी परीक्षा अशी कीं, चित्र झांकून ओळ दुसऱ्या कोणाच्या चित्राखालीं ठेवून पाहावी. ती तेथेंहि जशीच्या तशी शोभली, तर आपलें म्हणणें अजून लिहावयाचें राहिलें आहे.

त्या मुलानें नवी ओळ जुन्या चित्राखालीं लाविली कीं नाहीं, असें पालक विचारतील. त्यानें ती मोबाइलवर लाविली नाहीं. त्यानें त्या छायाचित्राची एक प्रत वाशीमला छापून घेतली, मागच्या बाजूस ती ओळ शाईनें लिहिली, आणि चित्र आजीजवळ दिलें. आजीनें बोट ठेवून सर्व ओळ वाचली. ह्या वेळीं तिनें कांहीं विचारलें नाहीं. चित्र पोथींत ठेवलें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती स्वतः लिंबाखालीं जाऊन बसली.